स्कॅम्पर, स्टीलची बाटली आणि झाकणातली वाळू

प्रश्न : बेळगावात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे आणि धाकट्या भावाचं उद्यमबागेत प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. एका प्रशिक्षणात स्कॅम्पर शिकवलं, म्हणजे एखाद्या वस्तूला सात इंग्रजी अक्षरांचे सात प्रश्न विचारून नव्या कल्पना काढायची पद्धत. आम्ही घरी बसून साध्या ७५० मिलीच्या स्टील बाटलीवर सातही अक्षरं लावली, बेचाळीस कल्पना निघाल्या. टॉर्चवाली बाटली, स्पीकरवाली बाटली, खाली सुपारीचा डबा असलेली बाटली, असलंच सगळं. एकही दुकानात खपेल असं वाटत नाही. पद्धत चुकली की आम्ही चुकलो? आणि आमच्यासारख्यांनी सुरुवात नेमकी कुठून करायची?

उत्तर :

सातही अक्षरं तुम्ही अख्ख्या बाटलीवर लावलीत, तिथं गाडी घसरली. ‘बाटलीला काय जोडता येईल’ असं विचारलं की टॉर्च आणि स्पीकरच सुचणार, कारण त्या प्रश्नात पिणारा माणूस नाही, त्याचा हात नाही, त्याची अडचणही नाही. अमेरिकेत अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी जाहिरातीच्या धंद्यात कल्पना सुचवणाऱ्या प्रश्नांची एक यादी केली होती. बॉब एबर्ल यांनी १९७१ मध्ये ती सात अक्षरांत बसवली, तीही मुलांची कल्पनाशक्ती मोकळी व्हावी म्हणून. त्यामुळे स्कॅम्पर कल्पना भरपूर काढून देतं, पण त्यातली कुठली निवडायची हे त्यात सांगितलेलं नाही. ती चाळणी आपणच आणायची असते.

माझी पद्धत अशी. आधी एक माणूस धरायचा आणि त्याला अर्धा-पाऊण तास बाटली वापरताना बघायचं. मग बाटलीचे भाग कागदावर उतरवायचे : बूड, अंग, खांदा, मान, आटे, झाकणातली रबरी रिंग, झाकण, कडी. शेजारी त्या माणसाच्या हातून होणाऱ्या क्रिया लिहायच्या : भरणं, उचलणं, उघडणं, पिणं, झाकण कुठंतरी ठेवणं, बंद करणं, धुणं. जिथं हात अडखळला त्या क्रियेवर खूण करायची आणि सात अक्षरं फक्त त्या खुणेवर लावायची. अक्षरांचा क्रमही मी बदलतो. वगळण्याचं ‘ई’ पहिलं घेतो आणि जोडण्याचं ‘सी’ सगळ्यात शेवटी. ‘सी’ आधी घेतलं की माणूस वस्तूवर ओझी चढवत सुटतो.

तुमच्यासाठी एक अट मी आधीच घालून टाकतो : स्टीलच्या अंगाला हात लावायचा नाही. बाटलीचं अंग ओढून, फुगवून, मान दाबून आणि आटे पाडून तयार होतं. त्यातली मिलिमीटरभर गोष्ट बदलायची तरी डाय नवी करावी लागते, आणि ती गुंतवणूक दुकानदाराला झेपणारी नाही. झाकण मात्र प्लास्टिकचं आहे आणि तुमच्या घरात मोल्डिंग मशीन आहे. सातही अक्षरांनी झाकणातच खेळायचं म्हटलं की बेचाळीस कल्पनांतल्या पस्तीस आपोआप गळतात. उरतात त्या तुम्हाला करता येण्यासारख्या असतात.

आता एक उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण ते तुमच्या भावाच्या युनिटपासून हाकेच्या अंतरावरचं आहे.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, जिथं ओतलेल्या कास्टिंगची वाळू झाडून कडा ग्राइंडरने साफ करतात त्या विभागात, मी एका उन्हाळ्यात दुपारी उभा होतो. एका कामगाराकडे तुमच्या दुकानात असते तशीच ७५० मिलीची बाटली होती. तहान लागली की तो काय करतो, एवढंच मला बघायचं होतं. त्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. बाटली मांड्यांमध्ये धरून झाकण फिरवलं. झाकण कुठं ठेवायचं हे सुचेना, तसं ते आतली बाजू खाली करून मोल्डिंग बॉक्सवर ठेवलं, आणि तिथं बारीक काळ्या वाळूचा थर होता. मग मान मागे टाकून त्याने वरून पाण्याची धार तोंडात धरली. तोंड रुंद असल्यामुळे पाणी एकदम आलं आणि अर्धं शर्टावर गेलं. झाकण लावताना आट्यांत कर्रर्र असा आवाज झाला. मी त्या आवाजाबद्दल विचारलं तर म्हणाला, ‘‘वाळू जातंय की ओ आत. महिनाभरात गळायला लागतंय, मग नवी घ्यायची.’’

त्या कर्रर्र आवाजात सगळी गोष्ट आहे. तुमच्याकडेही गिऱ्हाईक येऊन सांगत असेल की बाटली गळते, आणि तुम्ही म्हणत असाल की रबर हलकं निघालं. स्टीलच्या बाटलीत पाणी अडवण्याचं काम आटे करत नाहीत. ते उथळ आणि सैल असतात, त्यांचं काम फक्त झाकण खाली दाबून धरणं. पाणी अडतं ते मानेच्या कडेवर दाबल्या गेलेल्या रिंगेमुळे. त्या दोघांमध्ये वाळूचा एक कण सापडला की झाकण फिरवताना तो रिंगेला बारीक चर पाडतो, आणि त्या चरातून थेंब बाहेर येतो. रबर कितीही चांगलं आणलं तरी वाळूपुढे ते टिकणार नाही.

म्हणजे हाताला चार ठिकाणी अडखळ होती. उघडायला मोजा काढावा लागतो, झाकण ठेवायला जागा नाही, वरून पिताना पाणी सांडतं, आणि वाळू आट्यांत जाते. आता अक्षरं लावू.

‘ई’, म्हणजे वगळा. इथं मी बराच वेळ घालवतो. दिवसभरात झाकण फिरवणंच वगळता येईल का? प्यायला झाकण काढायची गरज नको, फक्त भरताना काढावं लागावं. म्हणजे झाकणातच पिण्याचं छिद्र हवं आणि त्यावर उघडझाप होणारं छोटं टोपण, तेही झाकणाला बिजागरीने जोडलेलं, म्हणजे ठेवायला जागाच लागत नाही. ‘ई’ आणखी ताणून बघा : बाटलीच वगळली तर? स्टीलचं अंग वर्षानुवर्षं टिकतं, आधी हरवतं किंवा बिघडतं ते झाकण. नुसतं झाकण विकणं हाही नवा माल झाला, आणि तुमच्यासाठी कदाचित पहिला तोच. त्याची एक अडचण मात्र नीट समजून घ्या. बाटल्यांच्या मानेचं माप आणि आट्यांची चाल कारखान्यागणिक वेगळी असते, त्यामुळे ‘सगळ्या बाटल्यांना बसणारं झाकण’ या मागे लागू नका. तुमच्या दुकानात सर्वांत जास्त खपणारी एकच मान धरा. त्या मालाच्या वेगवेगळ्या खेपांमधल्या दहा बाटल्या घ्या आणि आट्यांचा बाहेरचा व्यास, मानेच्या कडेचा व्यास आणि दोन आट्यांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. दहा बाटल्यांत जो फरक दिसेल तेवढा तुमच्या झाकणाने सांभाळून घ्यायला हवा.

‘ए’, म्हणजे दुसरीकडचं उसनं घ्या. परदेशी व्हिडिओ बघण्याऐवजी मी आधी स्वयंपाकघर आणि शेजारचं वर्कशॉप बघतो. आपल्याकडे उष्टं होऊ नये म्हणून भांडं तोंडाला न लावता वरून पितात, आणि बाजारातली बहुतेक झाकणं ओठ लावून पिणाऱ्यांसाठी केलेली असतात. वरून धार सोडण्यासाठी आपल्याकडे झारी होतीच. झारीची धार शांत का पडते? कारण पाणी चोचीतून बाहेर येतं आणि हवा भरण्याच्या तोंडातून आत जाते, दोन्हींना वेगळी वाट आहे. बाटलीला मात्र एकच वाट. पाणी बाहेर पडलं की आत दाब कमी होतो, मग हवेचा बुडबुडा त्याच तोंडातून आत घुसतो, क्षणभर पाणी थांबतं आणि पुढचा लोंढा एकदम येतो. तेच ते गुडगुड. शर्ट भिजतो तो त्या लोंढ्याने.

म्हणून आम्ही झाकणाला दोन छिद्रं दिली : पिण्याचं एका कडेला आणि हवेचं बरोबर समोरच्या कडेला. पिण्याच्या छिद्राचं माप हाताने करून बघितल्याशिवाय ठरत नाही. ८ मिमीला धार इतकी मोठी आली की माणसाला ठसका लागला. ५ मिमीला तो कंटाळला आणि झाकण काढून पिऊ लागला, म्हणजे पुन्हा वाळू. ६ मिमीवर जमलं, अर्धा लिटर पाणी साधारण अर्ध्या मिनिटात जातं आणि घोट घेत पिता येतं. हवेचं छिद्र ३ मिमी ठेवलं. बाटली तिरकी केल्यावर ते वरच्या बाजूला यायला हवं, नाहीतर पाणी तिथूनही टपकतं आणि हवा आत जात नाही. ते वर यावं म्हणून झाकणाची कडी हवेच्या छिद्राच्या बाजूला दिली, म्हणजे कडीत बोट घालून बाटली उचलली की पिण्याच्या छिद्राची चोच आपसूक पुढे येते. बाटलीचं अंग गोल असल्यामुळे झाकण कुठल्याही कोनात घट्ट झालं तरी बिघडत नाही, दिशा ठरवणाऱ्या तिन्ही गोष्टी झाकणातच आहेत.

‘ए’मधली दुसरी उसनवारी मला फार आवडते, कारण ती बेळगावचीच आहे. आपल्याकडे हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारे कमी नाहीत. सिलिंडरचा रॉड आत जाताना त्यावरची धूळ आधीच पुसून टाकणारी एक ओठासारखी रिंग पुढे बसवलेली असते, तिला वायपर सील म्हणतात. मागचं मुख्य सील त्यामुळे वाचतं. तोच विचार बाटलीवर आणला : झाकणाच्या खालच्या कडेला सिलिकॉनचा पातळ ओठ, जो झाकण बंद असताना बाटलीच्या खांद्याला टेकतो आणि वाळू आट्यांपर्यंत पोचू देत नाही. पाणी भरताना झाकण उघडावं लागतंच, तेव्हाही खांद्यावर साचलेली वाळू ओठाच्या बाहेरच राहिलेली असते. एक गोष्ट बजावून सांगतो : वायपर सीलचा विचार घ्या, सील घेऊ नका. हायड्रॉलिकच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या नायट्राइल रिंगा तेलासाठी असतात. पिण्याच्या पाण्याला खाद्य दर्जाचं सिलिकॉनच हवं.

या ओठाने आम्हाला एकदा चांगलंच फसवलं. पहिला नमुना जाड झाला होता. झाकण फिरवलं की ओठ खांद्यावर दाबला जाई, हाताला घट्ट झाल्यासारखं वाटे, आणि आतली मुख्य रिंग मानेला टेकलेलीच नसे. बाटली बंद वाटायची आणि पिशवी भिजायची. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. ओठ न लावता झाकण घट्ट करा आणि झाकणापासून बाटलीपर्यंत स्केचपेनने एक सरळ रेघ ओढा. मग ओठ लावून तेवढ्याच जोराने घट्ट करा. रेघेचे दोन तुकडे पुन्हा समोरासमोर आले तर ठीक. झाकणावरचा तुकडा अलीकडेच थांबला तर ओठ आडवा येतोय. आम्ही ओठ पातळ करत १ मिमीच्या आत आणला, तेव्हा रेघ जुळली.

‘आर’, म्हणजे उलट करा. टोपण बोटाने उघडतात, ते उलट करून मनगटाने किंवा मोज्यातल्या अंगठ्याने उघडता येईल का? टोपणाची जीभ झाकणाच्या कडेपासून १० ते १२ मिमी बाहेर काढली आणि काम झालं. मोजा काढावा लागत नाही. बदल एवढासाच, पण कामगारांनी सगळ्यात आधी बोलून दाखवला तो हाच.

‘एम’, म्हणजे कमी-जास्त करा. बाटली लहान करा, मोठी करा हे अंगाचं काम, म्हणून सोडून दिलं. झाकणाच्या कडेवरच्या पकडीकडे मात्र बघा. नेहमीच्या झाकणावर बारीक उभ्या रेषा असतात. त्यांत वाळू आणि तेलाचा चिखल भरला की कड गुळगुळीत होते आणि हात निसटतो. त्या काढून सहा मोठे गोलसर उंचवटे दिले. हात पकडतो आणि कापडाच्या एका फटक्यात पुसलंही जातं.

‘एस’, म्हणजे बदली. इथं मोह होतो तो स्टील हलकं लावून पैसे वाचवायचा, तो तुम्ही टाळा. ३०४ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि गंजापुढे ते तितकं टिकत नाही. बाजारात लोहचुंबक लावून ‘चिकटलं नाही, म्हणजे ३०४’ असं सांगतात, ती परीक्षा खोटी आहे. २०२ ही सहसा चुंबकाला चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ सुद्धा ओढून-दाबून आकार दिल्यावर मानेपाशी थोडं चिकटू शकतं. शंका असेल तर एक बाटली कापून तुकडा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. आपल्याकडच्या मोठ्या फाउंड्रींच्या प्रयोगशाळांत ते यंत्र असतं, मात्र त्यावर स्टेनलेस तपासायची सोय आहे का हे आधी विचारा.

‘एस’ आम्ही वापरलं ते रंगासाठी. फाउंड्रीत वीस जणांच्या बाटल्या सारख्या, मार्करने लिहिलेली नावं आठवड्यात पुसली जातात. तो सिलिकॉनचा ओठ सहा रंगांत केला तर आपली बाटली लांबून शोधणं बरंच सोपं होतं. हाच माल शाळेलाही चालतो. आपल्या गल्ल्यांत मराठी, कन्नड आणि उर्दू माध्यमाची पोरं एकाच शिकवणीला बसतात, आणि पहिलीतल्या मुलाला लिपीपेक्षा रंग आधी कळतो.

‘पी’, म्हणजे दुसरा वापर. हा प्रश्न विचारताना खानापूरकडच्या शेतावरच्या बायका आठवल्या. उन्हाळ्यात त्या बाटलीतून नाचणीची आंबील नेतात. फाउंड्रीचं झाकण तिथं कुचकामी आहे, आंबील ६ मिमीच्या छिद्रात अडकते आणि आत सुकली की निघत नाही. आंबील उन्हात फसफसत राहते, त्यामुळे गच्च बंद बाटलीत दाब साचतो आणि झाकण उघडताना उसळी मारते. म्हणून आंबिलीसाठी त्याच मानेचं वेगळं झाकण हवं : छिद्र नको, टोपण नको, आतून सपाट आणि हाताने घासता येईल असं. झाकण पूर्ण सुटण्याआधीच आतला दाब निघून जावा म्हणून आट्यांमध्ये एक उभा चर ठेवायचा. अर्धा फेरा फिरवला की रिंग उचलली जाते, हवा चरातून निघून जाते, आणि झाकण अजून आट्यांत अडकलेलंच असतं. ताक आणि लिंबू सरबतालाही हेच झाकण बरं, पण ती पेयं स्टीलमध्ये रात्रभर ठेवू नका असं गिऱ्हाइकाला सांगाच.

‘सी’ शेवटी आलं तेव्हा जोडायला फारसं काही उरलं नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. कडी, चोच, टोपण आणि ओठ हे चार भाग एका झाकणात आले, हीच जोड. टॉर्च कुठंच लागला नाही.

आता नमुना करताना आणि तपासताना काय बिघडतं ते सांगतो, कारण कागदावरचं झाकण आणि हातातलं झाकण यांत बरंच अंतर असतं.

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटवर काढा, साच्यात पैसे घालू नका. आट्यांची बसणूक, धारेचं माप आणि टोपणाची जीभ एवढं त्यात कळतं. छापलेल्या झाकणातून मात्र रोज पाणी पिऊ देऊ नका. थरांच्या फटींत पाणी राहतं आणि ते नीट धुता येत नाही. बिजागरीही त्यात तुटते, म्हणून नमुन्यापुरती स्टीलच्या तारेची पिन घाला. खऱ्या मालात पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकची पातळ बिजागरी झाकणाबरोबरच साच्यातून निघेल. तिची जाडी ०.३ ते ०.४ मिमीच्या आसपास ठेवतात. झाकण साच्यातून गरम असतानाच बिजागरी दोन-तीनदा पूर्ण वाकवायची, म्हणजे ती टिकते. गार झाल्यावर पहिल्यांदा वाकवली तर पांढरी पडते आणि लवकर फाटते. भावाला हे माहीत असेल, पण मशीनवरच्या पोरालाही सांगून ठेवा. प्लास्टिकचा दाणा खाद्य दर्जाचा नवीन घ्या आणि तसा कागद पुरवठादाराकडून मागून घ्या. या झाकणात रीग्राइंड, म्हणजे जुना माल दळून केलेला दाणा, मिसळू नका.

दोन छिद्रं बंद करायला आधी आम्ही टोपणाच्या आत सिलिकॉनची दोन बुचं बसवली होती. एक बूच नीट बसलं की दुसरं किंचित बाहेर राही, आणि रोज तोच त्रास. शेवटी दोन्ही बुचं काढून एकच सपाट सिलिकॉनची चकती बसवली आणि दोन्ही छिद्रांभोवती अर्धा-एक मिमी उंच काठ दिला. काठ चकतीत रुततो आणि दोन्ही छिद्रं एकदम बंद होतात.

गळती कुठून होतेय हे शोधायला फॅब्रिकेशनवाल्यांची जुनी युक्ती वापरा. वेल्डची फट बघायला ते एका बाजूला खडू फासून दुसऱ्या बाजूने रॉकेल लावतात. इथं रॉकेल नको, साधं पाणीच पुरे. बाटली भरून बंद करा आणि बाहेरून कोरडी पुसा. झाकणाच्या खालच्या सांध्यावर आणि टोपणाच्या कडेवर खडूची पूड चोळा. बाटली उलटी करून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी खडू सांध्यावर ओला दिसला तर दोष मुख्य रिंगेचा किंवा ओठाचा, टोपणाच्या कडेवर ओला दिसला तर चकतीचा. त्यानंतर भरलेली बाटली टेबलाच्या उंचीवरून पाच वेळा वेगवेगळ्या बाजूंवर पाडा आणि खडूची तपासणी पुन्हा करा. सर्वांत वाईट पडणं म्हणजे टोपणाच्या जिभेवर तिरकं पडणं, ते मुद्दाम करून बघा. आमची जीभ पहिल्यांदा तिथंच तुटली. तिच्या मुळाशी गोलाई देऊन ती वाचवली.

एकेरी भिंतीच्या बाटलीत कोणी गरम पाणी भरलंच तर काय होतं हेही बघून ठेवा. गरम भरून बंद केलं की गार होताना आतली हवा आकसते आणि साधं झाकण आत ओढलं जाऊन गच्च बसतं. आपल्या टोपणाखाली हवेचं छिद्र असल्यामुळे जीभ उचलली की फुस्स होऊन मोकळं होतं. हा फायदा आम्ही ठरवून केलेला नव्हता, पण दुकानात गिऱ्हाइकाला करून दाखवायला तो छान आहे.

विकण्याआधी कायद्याचं एक काम आहे. पिण्याच्या पाण्याच्या स्टील, तांबे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्यांसाठी आयएस १७८०३ हे मानक आहे आणि ते सक्तीचं करण्यात आलं आहे. कारखान्याच्या शिक्क्याच्या बाटलीला स्वतःचं झाकण लावून तो संच नव्या नावाने विकायचा असेल, तर आधी त्या कारखान्याशी आणि बीआयएसच्या कार्यालयाशी बोलून घ्या. नुसतं सुटं झाकण विकायचं असलं तरी चौकशी करूनच साच्याची ऑर्डर द्या.

सुरुवात उद्यापासूनच करता येईल आणि त्याला खर्चही नाही. बाटली गळते म्हणून जे गिऱ्हाईक परत येतं, त्याची जुनी रिंग काढून ठेवत चला. त्यावर एक चिठ्ठी लावा : हा माणूस काम काय करतो, बाटली कुठं नेतो, किती महिने वापरली. वीस-पंचवीस रिंगा जमल्या की भिंगाखाली बघा. रिंगेवर गोलाकार बारीक चर असतील तर वाळू किंवा धूळ. रिंग चपटी होऊन कडक झाली असेल तर वारंवार गरम पाणी किंवा जुनं रबर. एकाच बाजूला दबलेली असेल तर मानेची कड वाकडी, म्हणजे तो दोष कारखान्याचा, झाकणाने सुटणार नाही. ज्या कारणाच्या रिंगा सर्वांत जास्त निघतील त्या माणसांकडे जाऊन अर्धा तास उभे राहा, आणि ‘ई’पासून प्रश्न विचारायला लागा.